नातवंड परदेशी निघालंय? आजीने पत्र लिहायचं ते असं

‘नातू पुढच्या महिन्यात स्वीडनला चाललाय. त्याची मराठी सुटू नये म्हणून त्याला एक पत्र लिहून द्यायचं आहे. पण लिहायला बसलं की दोन ओळींपुढे सरकत नाही.’ अशा अर्थाची विचारणा वाचक आज्यांकडून वारंवार होते. देश बदलतो, नातवाच्या जागी नात असते, पण अडचण तीच. काही जणी पत्र लिहून पूर्ण करतात आणि आम्हाला वाचायलाही देतात. त्यात मायबोलीची थोरवी असते, संस्कार असतात, ‘मराठी विसरू नकोस’ हे चार वेळा असतं. आठ वर्षांचं मूल ते पत्र एकदा ऐकतं, आजीला मिठी मारतं आणि पत्र बॅगेच्या तळाशी जातं. त्याला त्या पत्राचं करण्यासारखं काहीच नसतं.

म्हणून पेन उचलण्याआधी एवढं ठरवा की या पत्राचं काम उपदेशाचं नाही. मुलाला मराठीत काहीतरी वाचावंसं वाटलं पाहिजे आणि त्याचं उत्तर मराठीत द्यावंसं वाटलं पाहिजे. इथे उदाहरण पुण्याहून गोथेनबर्गला जाणाऱ्या कुटुंबाचं घेतलं आहे. मोटार उद्योगातली बरीच मंडळी हल्ली तिकडे जातात आणि मातृभाषेच्या बाबतीत स्वीडनचे कायदे बऱ्याच देशांपेक्षा उदार आहेत. ते माहीत नसल्यामुळे हातचं जातं.

पत्र एक नाही, दोन लिहा

मुलाला सांगायच्या गोष्टी आणि त्याच्या आईबाबांना सांगायच्या गोष्टी आपण एकाच कागदावर कोंबतो, तिथेच पत्र बिघडतं. ‘घरात मराठीच बोला’ ही सूचना मुलासाठी नाहीच. घरात कोणती भाषा चालणार हे आठ वर्षांचं मूल ठरवत नाही. ती सूचना मुलगा-सुनेच्या किंवा लेक-जावयाच्या पत्रात जाऊ द्या. मुलाच्या पत्रात फक्त तुम्ही आणि ते मूल.

भावंडं दोन असतील तर प्रत्येकाला वेगळा लिफाफा द्या. शाळा सुरू झाली की भावंडं आधी आपसांत तिथल्या भाषेत बोलू लागतात आणि धाकट्याच्या कानावर घरातलीच मराठी कमी पडायला लागते. दोघांत मिळून एक पत्र असेल तर ते थोरला वाचतो आणि धाकट्याला स्वीडिशमध्ये त्याचा सारांश सांगतो.

आधी वाचून घ्या, मग लिहा

नातवंड इंग्रजी माध्यमात असेल तर ते मराठी बोलतं अस्खलित, पण वाचतं अडखळत. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच अडखळत. निघण्याआधी एकदा त्याला बालभारतीचं मागच्या इयत्तेचं पुस्तक समोर धरून अर्धं पान मोठ्याने वाचायला सांगा. जोडाक्षरावर थांबतंय का, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतंय का, ते पाहा. सहज वाचता आलं तर तुमचं पत्र त्या पातळीचं. नाही आलं तर आणखी एक इयत्ता खाली या. ही परीक्षा आहे असं त्याला कळू देऊ नका. चष्मा सापडत नाही म्हणून सांगा.

वयाप्रमाणे पत्र बदलतं:

- सहा वर्षांपर्यंत: वाचणारे आईबाबा असतात. पत्र अर्ध्या पानाचं ठेवा, त्यात दोन-तीन चित्रं काढा आणि चित्राखाली एकेक शब्द लिहा. या वयाच्या मुलांबद्दल घरचे निर्धास्त असतात, ‘लहान आहे, पटकन शिकेल’ म्हणतात. ते खरंच आहे, पण ज्या वेगाने नवी भाषा येते त्याच वेगाने जुनी जाऊही शकते. सगळ्यात जास्त जपायचं वय हेच.
- सात ते दहा: पत्राचा खरा उपयोग इथे. नमुना पुढे दिला आहे.
- अकराच्या पुढे: या मुलांची बोली टिकते, पण लहानपणीचीच राहते. पंधरा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या मुलाच्या शब्दांत बोलतो आणि मग लाजून बोलायचंच टाळतो. त्याला गोष्टी सांगू नका, त्याची मदत मागा. तिथे बसचं तिकीट कसं काढतात, घरभाडं कसं ठरतं, निवडणुकीत शाळेतली मुलं काय बोलतात, हे समजावून सांगायला लावा. मोठ्या विषयांवर बोलायची वेळ आली की मोठे शब्द लागतात.

आठ वर्षांच्या नातवासाठी एक नमुना

हे पत्र टपालाने पाठवायचं नाही. निघताना हातात द्यायचं.

*चि. सोनू,*

*हे पत्र विमानात उघडू नकोस. नव्या घरी पोचलास की उघड.*

*तुझा बाबा आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. दुपारी सगळे झोपले होते. तुझी आत्या खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. बाबाने हळूच तिची वेणी खुर्चीच्या दांडीला बांधली. मग तो दारामागे लपला आणि मोठ्याने ओरडला, “पाल! पाल!”*

*पुढे काय झालं ते बाबाला विचारू नकोस. तो स्वतःच्या सोयीचं सांगेल. मला विचार.*

*आता तुझं काम. तुझ्या खिडकीतून काय काय दिसतं ते मला लिही. तीनच गोष्टी लिही. त्यातली जी आपल्या पुण्यात नाही, तिच्याखाली रेघ मार. तिला मराठीत काय म्हणतात ते माहीत नसेल तर चित्र काढ. नाव आपण दोघं मिळून ठेवू.*

*तुझं उत्तर आलं की वेणीची पुढची गोष्ट पाठवते.*

*तुझी आजी*

या पत्रात मराठीबद्दल उपदेशाचा एक शब्द नाही. गोष्ट अर्धी आहे आणि उरलेली अर्धी फक्त आजीकडे आहे, म्हणजे उत्तर लिहिण्याचं कारण मुलाचं स्वतःचं झालं. गोष्ट बाबाच्या खोडीची आहे. मुलाला बाबाच्या पराक्रमापेक्षा बाबाने खाल्लेल्या धपाट्यात जास्त रस असतो. काम तीन ओळींचं आहे. ‘तिकडची सगळी हकीकत लिही’ असं म्हटलं असतं तर काहीच आलं नसतं.

आणखी एक गोष्ट मुद्दाम केली आहे. ‘बाबाने वेणी बांधली’ हे वाक्य पाहा. बांधणारा बाबा, पण ‘बांधली’ हे रूप वेणीवरून आलं. बाहेर वाढणाऱ्या मुलांचं मराठी ज्या ठिकाणी लवकर डळमळतं, त्यातलं हे एक. ती ‘बाबा वेणी बांधला’ म्हणू लागतात. तसंच ‘खुर्चीच्या दांडीला’, ‘खिडकीतून’ यांत मूळ शब्दाला विभक्ती लागली आहे. हे व्याकरण शिकवायला जाऊ नका. झालेली गोष्ट सांगा, घडलेल्या क्रमाने सांगा. अशी वाक्यं आपोआप येतात. याउलट आशीर्वाद आणि उपदेशाच्या पत्रात ‘कर’, ‘हो’, ‘राहा’ यापलीकडे क्रियापदांची रूपंच फारशी येत नाहीत.

मायना साधा ठेवा. ‘चि.’ आणि शेवटी ‘तुझी आजी’ पुरे. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ हा जोडाक्षरांचा डोंगरघाट पहिल्याच ओळीला आला तर मूल तिथेच थांबतं. ते मोठं झाल्यावर मायन्याची गंमत जरूर शिकवा.

अक्षर आणि आवाज

तुमचं अक्षर वळणदार असेल, पण मुलाने आजवर फक्त छापील अक्षर पाहिलं आहे. म्हणून:

- एक ओळ सोडून लिहा. अक्षरं सुटी काढा, शब्दांत बोटभर अंतर ठेवा आणि शिरोरेघ शब्दापुरतीच द्या. सबंध ओळीवर एकच लांब रेघ ओढली की शब्द कुठे संपला ते मुलाला कळत नाही.
- ‘ल’ आणि ‘श’ जपून काढा. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. फोनवर आणि संगणकावर मात्र बहुधा हिंदी वळण दिसतं. मूल दोन्हीकडे दोन वेगळी अक्षरं पाहून गोंधळतं. पत्रात एकच वळण कायम ठेवा आणि दुसरं वळण कसं दिसतं ते एकदा समासात काढून दाखवा.
- पत्र लिहून झालं की ते सावकाश वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि आईबाबांकडे पाठवून ठेवा.

शेवटची गोष्ट बहुतेक जणी करत नाहीत, पण ती सोडू नका. मराठीची लिपी सगळे उच्चार दाखवत नाही. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतला ‘च’ लिहायला एकच, म्हणायला वेगळा. ‘जाड’ आणि ‘जीभ’ यांचंही तेच. इथे वाढणाऱ्या मुलाला हे कानाने येतं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. केवळ कागदावरून वाचणारं मूल सगळे ‘च’ सारखेच म्हणायला लागतं. ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ होणंही आवाजाच्या अभावीच.

पत्राची एक प्रत किंवा फोटो स्वतःजवळ ठेवा. व्हिडिओ कॉलवर दोघांच्या हातात तेच पान असेल तर ‘आज काय जेवलास?’ ‘पास्ता’ या पलीकडे बोलणं जातं. वेळेचं गणित सोपं आहे: स्वीडन आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. मूल तिथे चारला शाळेतून आलेलं असतं, तेव्हा आपल्याकडे साडेसात किंवा साडेआठ वाजलेले असतात. मालिकेची वेळ बदलावी लागेल, त्याला इलाज नाही.

उत्तर येईल, पण कसं?

उत्तर रोमन लिपीत येईल, अर्धं इंग्रजीत येईल किंवा तीन महिने येणारच नाही. तिन्हींची तयारी ठेवा.

समजा असं आलं: ‘आजी, मी बर्फ खेळला. खिडकीतून ट्राम दिसतो. मला मिटन घालायला लागते.’ यावर लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठवू नका आणि कॉलवर शिकवणीही घेऊ नका. पुढच्या पत्रात त्याचीच वाक्यं बरोबर रूपात परत द्या: ‘तू बर्फात खेळलास! मग बोटं गार पडली असतील. ट्राम दिसते म्हणजे तुझी खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. मिटन म्हणजे बोटं एकत्र असलेला हातमोजा ना? मिटन घालून तुला पेन धरता येतं का?’ मुलाला उत्तर मिळालं आणि बरोबर रूपही कानावर पडलं. एका पत्रात दोन-तीन वाक्यांपुरतंच हे करा.

‘ट्राम’ला ‘ट्राम’च राहू द्या. रोजच्या वस्तूंना शुद्ध मराठी प्रतिशब्द देण्याच्या नादात मुलाला असं वाटू लागतं की त्याच्या नव्या जगाला आजीच्या भाषेत जागाच नाही.

रोमन लिपीतल्या उत्तराला तुम्ही देवनागरीतच उत्तर द्या, तक्रार न करता. उत्तर आलंच नाही तर आठवण करून देऊ नका, दुसरं पत्र पाठवा आणि त्यात आत्याची बाजू सांगा. वेणीचा शेवट मात्र उत्तर येईपर्यंत सांगायचा नाही. इथे आजीने जरा कठोर राहावं.

आईबाबांच्या पत्रात काय लिहाल?

इथे भावना कमी आणि कामाची माहिती जास्त हवी. स्वीडनमध्ये शाळेतल्या मुलाला मातृभाषा शिकण्याचा हक्क शिक्षण कायद्याने दिला आहे. फॉर्मवर आणि शाळेच्या संकेतस्थळावर त्यासाठी modersmålsundervisning हा शब्द दिसेल. तो तसाच पत्रात लिहून द्या. हे शिक्षण मोफत असतं. अटी ढोबळमानाने अशा:

- आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाची तरी मातृभाषा मराठी असावी.
- मुलाशी रोजचा व्यवहार त्या भाषेत होत असावा.
- मुलाला त्या भाषेचं मूलभूत ज्ञान असावं.
- त्या नगरपालिकेच्या शाळांत ती भाषा मागणारी किमान पाच मुलं असावीत आणि योग्य शिक्षक मिळावा.

शेवटची अट वाचून आईबाबा म्हणतात, ‘मराठीची पाच मुलं कुठून येणार?’ आणि अर्जच करत नाहीत. पाच घरांनी असाच विचार केला की पाच मुलं शहरात असूनही कागदावर शून्य राहतात. म्हणून शिक्षक नाही असं कळलं तरी अर्ज करायचाच, आणि नकार आला तर पुढच्या वर्षी पुन्हा. तिथल्या मराठी मंडळातल्या पालकांनी ठरवून एकाच वेळी अर्ज केले तर उत्तम. धडे बहुधा शाळेच्या वेळेनंतर असतात, कधी दुसऱ्या शाळेत. ने-आण करावी लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

दोन खड्डे इथे आहेत. पहिला असा की मुलाला सर्वसाधारणपणे एकाच मातृभाषेचं शिक्षण मिळतं. ‘हिंदीचे शिक्षक आहेत, मग हिंदीच लिहू’ म्हणून फॉर्मवर हिंदी भरली तर मराठीची मागणी तुमच्याच हाताने रद्द होते. दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. ‘आधी स्वीडिश पक्की होऊ दे, मराठीचं दोन वर्षांनी बघू’ असं म्हणणारे आईबाबा दोन वर्षांनी अर्ज करतात, तेव्हा घरातली भाषा इंग्रजी-स्वीडिश झालेली असते आणि दुसरी-तिसरी अट पुरी होत नाही. हा हक्क भाषा चालू असेपर्यंतच आहे. बंद पडलेली भाषा नव्याने सुरू करून देण्यासाठी तो नाही.

याशिवाय नव्याने आलेल्या मुलाला गणित, विज्ञान असे विषय समजायला अडचण असेल तर मातृभाषेतून अभ्यासाला मदत मिळण्याचीही तरतूद आहे. ती वेगळी मागावी लागते. मुख्याध्यापकांना studiehandledning या नावाने विचारा. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला ती मराठीतून उपयोगी पडेल की नाही, हे मात्र आईबाबांनी प्रामाणिकपणे पाहावं.

शिक्षक मिळाला नाही तर घरी बालभारतीची पुस्तकं चालतात. ebalbharati.in वर ती मोफत उतरवून घेता येतात, पण सामानात चालू इयत्तेचं एक छापील पुस्तक टाका.

कुटुंब अमेरिकेला जात असेल तर वाट वेगळी. तिथे सरकारी शाळेकडून असा हक्क नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा स्वयंसेवक पालक चालवतात, बहुधा शनिवार-रविवारी. थोरल्या मुलांसाठी तिथल्या अनेक राज्यांत दोन भाषा येत असल्याची नोंद शालान्त प्रमाणपत्रावर ‘सील ऑफ बायलिटरसी’ या नावाने मिळते. आपल्या जिल्ह्यात मराठीची परीक्षा त्यासाठी धरतात का, ते शाळेच्या समुपदेशकाला विचारायला सांगा.

पुढची पत्रं टपालाने

- पत्ता रोमन लिपीत, देशाचं नाव शेवटी मोठ्या अक्षरांत. स्वीडनचा पिनकोड पाच अंकी असतो आणि तिसऱ्या अंकानंतर जागा सोडतात.
- नवीन कुटुंब बहुधा कुणाच्या तरी घरात पोटभाड्याने राहतं आणि दारावर मूळ भाडेकरूचं नाव असतं. टपालवाला दारावरचं नाव पाहतो. नाव जुळलं नाही तर पत्र परत येऊ शकतं. पत्त्यात c/o लिहून दारावरचं आडनाव घाला किंवा दारावर तुमच्या मुलाचं नाव लावायला सांगा.
- लिफाफ्यात फक्त कागद ठेवा. तिळगूळ, राखी, छोटी वस्तू घातली की ते पत्र न राहता वस्तू होते आणि सीमाशुल्काचा फॉर्म भरावा लागतो. दूध-तुपाचे पदार्थ तर युरोपीय संघाबाहेरून टपालाने पाठवायला मनाईच आहे. बेसनाचे लाडू गेले नाहीत म्हणून हळहळू नका. लाडवांची कृती पाठवा आणि मुलाला ती आईला वाचून दाखवायला सांगा.
- तुमच्या पत्त्याची चार-पाच लेबलं करून पहिल्याच पत्राबरोबर द्या. उत्तर पाठवताना पत्ता शोधावा लागला की उत्तर राहतं. भारतीय तिकिटं तिथे चालत नाहीत, ती देऊ नका.
- सणाचं पत्र सणाच्या आठवड्यात टाकू नका. गणपतीचं पत्र श्रावणात लिहायला घ्या.

महिन्याला एक पत्र बेताचं होतं. पहिल्या उत्साहात दर आठवड्याला लिहिणाऱ्या आज्या दिवाळीनंतर थांबतात. त्यापेक्षा कमी लिहा आणि चालू ठेवा.

मुलाचं पत्र निघायच्या आदल्या रात्री लिहिलं तरी चालेल. आईबाबांचं मात्र आजच लिहा. मातृभाषेच्या अर्जाच्या तारखा प्रत्येक नगरपालिकेत वेगळ्या असतात आणि नव्या देशातल्या पहिल्या महिन्यांच्या धावपळीत हा फॉर्म कुणाच्याच लक्षात राहत नाही.